मोठा आकडा आणि त्याखालच्या तीन ओळी

किनाऱ्यालगतच्या एखाद्या गावाची ग्रामसभा भरली आहे, असे समजू या. विषय कचऱ्याचा आहे. गावात इमारती वाढल्या, भाड्याची घरे वाढली, उपाहारगृहे वाढली. परंतु कचरा उचलणारी व्यवस्था मात्र जुन्या खेड्याच्या मापाचीच राहिली. हे ग्रामस्थांपुढे मांडण्याचे काम एका तरुण पंचाकडे आले आहे. त्याच्या हाताशी दहा मिनिटे, एक प्रोजेक्टर आणि जनगणनेतील एक कोष्टक आहे. कोष्टक जसेच्या तसे पडद्यावर टाकले, तर मागच्या रांगेतील माणसाला ते वाचता येणार नाही आणि पुढच्या रांगेतील माणसाच्या लक्षात राहणार नाही. म्हणून तो ठरवतो, की एकाच स्लाइडवर एकच मोठा आकडा दाखवायचा आणि त्याच्याखाली मोजका संदर्भ द्यायचा.

सादरीकरणाची ही पद्धत आज सर्वत्र रूढ झाली आहे. वरवर पाहता तिच्यात करण्याजोगे फारसे काही दिसत नाही. आकडा टंकावा, तो मोठा करावा, झाले. प्रत्यक्षात अशा स्लाइडचे यशापयश अक्षरे मोठी करण्यापूर्वीच ठरलेले असते. कोणता आकडा निवडला आणि त्याखाली काय लिहिले, यावर ती स्लाइड लोकांना शहाणे करणार की त्यांची दिशाभूल करणार, हे अवलंबून असते. याच पंचाच्या कोष्टकावरून हे नीट समजून घेता येते.

एक कोष्टक, अनेक आकडे

२००१च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १३,४७,६६८ होती. तीपैकी ६,७०,५७७ लोक शहरी भागात आणि ६,७७,०९१ लोक ग्रामीण भागात राहत होते. २०११मध्ये एकूण लोकसंख्या १४,५८,५४५ झाली. शहरी ९,०६,८१४ आणि ग्रामीण ५,५१,७३१. त्यानंतरची दशवार्षिक जनगणना २०२१मध्ये होऊ शकली नाही, त्यामुळे आजही अधिकृत चर्चेत याच आकड्यांचा आधार घ्यावा लागतो.

या सहा संख्यांतून मोठ्या अक्षरांत दाखवता येतील असे अनेक आकडे निघतात. पंचाच्या नजरेत सर्वांत आधी भरतो तो ग्रामीण लोकसंख्येतील घटीचा. ६,७७,०९१ मधून ५,५१,७३१ वजा केले, की १,२५,३६० उरतात. लगेच स्लाइड तयार होते : वर भल्यामोठ्या अक्षरांत ‘१,२५,३६०’ आणि खाली एक ओळ, ‘दहा वर्षांत इतक्या लोकांनी गोव्यातील गावे सोडली’.

आकडा खरा आहे, वजाबाकी बिनचूक आहे, स्रोत सरकारी आहे. तरीही ही स्लाइड खोटी आहे. हे ओळखण्यासाठी त्याच कोष्टकात आणखी एक बेरीज-वजाबाकी करून पाहावी लागते. शहरी लोकसंख्या २,३६,२३७ ने वाढली. पण संपूर्ण राज्याची लोकसंख्या वाढली ती केवळ १,१०,८७७ ने. या दोन वाढींतील फरक नेमका १,२५,३६० येतो. म्हणजे एवढी माणसे ‘ग्रामीण’ या रकान्यातून ‘शहरी’ या रकान्यात सरकली. ती घरदार सोडून हलली, की ती जागीच राहिली आणि गावाच्या नावापुढची खूण बदलली, हे या वजाबाकीतून कळत नाही. ते कळते शहरांच्या यादीतून. २००१मध्ये गोव्यात जनगणनेने ४४ ठिकाणे शहरे म्हणून नोंदवली होती, २०११मध्ये ती ७० झाली. महापालिका व नगरपालिका असलेली शहरे दोन्ही वेळा १४च होती. वाढली ती ‘जनगणना नगरे’, ३० वरून ५६ वर.

जनगणना नगर म्हणजे काय, हे येथे समजून घेणे आवश्यक आहे. एखाद्या ठिकाणी नगरपालिका नसली, तरी तेथील लोकसंख्या किमान ५,००० असेल, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० लोक राहत असतील आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात असतील, तर जनगणना त्या ठिकाणाला शहर समजते. हे तीन निकष पूर्ण होताच गाव कोष्टकापुरते शहर होते. गावातील एकही माणूस हललेला नसतो. काही लोक खरोखरीच शहरात गेले असतील. परंतु त्यांची संख्या या कोष्टकात कुठेही नाही. ‘गावे सोडली’ हे दोन शब्द कोष्टकाने सांगितलेले नाहीत, ते स्लाइड करणाऱ्याने घातले.

मोठ्या आकड्याच्या स्लाइडमध्ये होणारी सर्वांत गंभीर चूक बहुधा याच जातीची असते. आकडा क्वचितच चुकतो. आकड्याला जोडलेले क्रियापद चुकते. म्हणून आकडा निवडल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो असा, की मूळ नोंदीत नेमके काय मोजले होते? माणसांचे हलणे मोजले होते, की जागेचा प्रकार? जे मोजले तेच क्रियापदात यावे.

दुसरा प्रयत्न

पहिली स्लाइड बाजूला ठेवून पंच दुसरा आकडा निवडतो. ९,०६,८१४ ला १४,५८,५४५ ने भागल्यास उत्तर ६२.१७ टक्के येते. आता प्रश्न येतो, की पडद्यावर ६२.१७ लिहायचे की ६२?

येथे आकडा कानाने तपासावा. सभेत स्लाइड जेवढी पाहिली जाते, तेवढीच ऐकलीही जाते. ‘बासष्ट’ हा एक शब्द आहे. ‘बासष्ट पूर्णांक सतरा शतांश’ ही संपूर्ण ओळ झाली. ऐकणारा घरी जाऊन शेजाऱ्याला जे सांगेल तेच पडद्यावर असावे आणि शेजाऱ्याला कुणी शतांश सांगत नाही. मराठीत आणखी एक अडचण आहे. शंभरापर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक संख्येला स्वतंत्र शब्द असल्यामुळे एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत अनेकांचा, विशेषतः इंग्रजी माध्यमात शिकलेल्या तरुणांचा, गोंधळ उडतो. अशा वेळी आकडा एकदा म्हणून लगेच ‘दहांपैकी सहा’ असे रूपही उच्चारावे. मात्र येथे ‘दहा गोमंतकीयांपैकी सहा’ म्हणू नये. जनगणना राज्यात राहणाऱ्या सर्वांची असते, मग त्यांचे मूळ कुठलेही असो. ‘गोव्यात राहणाऱ्या दहांपैकी सहा’ हेच अचूक.

बारीकसारीक अंक टाळताना तुलनेचा अर्थ बदलणार नाही, एवढी खबरदारी घ्यावी. ६२.१७चे ६२ केल्याने काहीही बिघडत नाही, कारण ज्याच्याशी तुलना करायची तो संपूर्ण देशाचा आकडा ३१ टक्क्यांच्या आसपास आहे. पण तुलना ६१.८ आणि ६२.२ यांची असती, तर दोन्ही ६२ झाले असते आणि स्लाइडचा मुद्दाच नाहीसा झाला असता. असा प्रसंग आला, तर मोठ्या आकड्याचा मोह सोडावा. फरक इतका लहान असेल, तर तो मोठ्या अक्षरांत दाखवण्याच्या लायकीचा नसतो.

आकडा ठरला, की त्याखालच्या ओळी येतात. एकटा ६२ काहीच सांगत नाही. तो जास्त की कमी, कशाचा, कधीचा आणि कशाच्या तुलनेत, हे खालच्या ओळींनी सांगायचे असते. तीन ओळी पुरतात. पहिली ओळ आकड्याला पूर्ण वाक्य करते. दुसरी त्याला मोजपट्टी देते. तिसरी त्याची मर्यादा सांगते. त्याखाली लहान अक्षरांत स्रोत आणि वर्ष. पंचाची स्लाइड आता अशी दिसते :

६२%
गोव्यातील इतके लोक शहरी भागात राहतात
२००१मध्ये ५०% • संपूर्ण भारत : ३१%
७० शहरांपैकी ५६ ठिकाणी नगरपालिका नाही
स्रोत : भारताची जनगणना, २००१ व २०११

मोजपट्टी निवडताना प्रामाणिकपणाची कसोटी लागते. शेजारच्या महाराष्ट्राशी तुलना केली, तर तेथील शहरी प्रमाण ४५ टक्के आहे. दिल्लीशी केली, तर ते ९७ टक्क्यांहून अधिक आहे. पहिल्या तुलनेत गोवा पुढारलेला वाटतो, दुसरीत मागे पडलेला. परंतु दिल्ली हे मुळातच महानगर आहे. तिच्याशी राज्याची तुलना करण्यात अर्थ नाही. स्वतःच्याच जुन्या आकड्याशी आणि संपूर्ण देशाशी केलेली तुलना सहसा सर्वांत निर्धोक ठरते, कारण ती सोयीने निवडली असा आक्षेप तिच्यावर घेता येत नाही.

वाढ सांगतानाही एक जागा फसवी आहे. सुमारे ५० वरून ६२ वर जाणे म्हणजे ‘१२ टक्के वाढ’ नव्हे. दोन टक्केवारींमधले अंतर १२ अंकांचे आहे. शहरी लोकांचे प्रमाण मूळ प्रमाणाच्या सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. आणि शहरी लोकांची प्रत्यक्ष संख्या ३५ टक्क्यांनी वाढली. एकाच घटनेचे हे तीन खरे आकडे आहेत आणि ज्याला जो सोयीचा तो उचलता येतो. यावर साधा उपाय असा, की वाढीचा आकडा देऊच नये. ‘तेव्हा ५०, आता ६२’ अशी दोन्ही टोके द्यावीत. ऐकणारा वजाबाकी आपली आपण करतो.

पडद्यावरची मापे

आता अक्षरांच्या मापांकडे वळता येईल. रुंद पडद्यासाठी पॉवरपॉइंटमधील नेहमीची स्लाइड साडेसात इंच उंच असते, म्हणजे ५४० पॉइंट. मुख्य आकडा २०० पॉइंटांचा ठेवला, तर तो दिसताना स्लाइडच्या उंचीचा सुमारे चौथा भाग व्यापतो. खालच्या ओळी ३० पॉइंटांच्या आणि स्रोत १६ पॉइंटांचा ठेवावा. आकडा आणि ओळी यांत सहा-सातपट अंतर राहिले, की डोळा आधी कुठे जाईल याबद्दल शंका उरत नाही. नवखे लोक आकडा ६० आणि मजकूर २८ पॉइंटांचा ठेवतात. तेव्हा दोन्ही एकमेकांशी स्पर्धा करतात आणि स्लाइड शीर्षकासारखी दिसते.

या मापांचा दुसरा अर्थ सभागृहाच्या लांबीत आहे. अक्षराच्या उंचीच्या सुमारे दोनशेपट अंतरावरून ते वाचता येते, असा एक ढोबळ हिशेब धरावा. पडदा दीड मीटर उंच असेल, तर ३० पॉइंटांच्या ओळीतील अक्षर पडद्यावर साधारण चार सेंटिमीटरचे होते आणि ते आठ मीटरांपर्यंत वाचता येते. सभागृह त्याहून लांब असेल, तर ओळींचे माप वाढवावे आणि त्यासाठी शब्द कमी करावेत. स्रोताची ओळ मागून वाचता येणार नाही, हे गृहीत धरून ती तोंडी सांगावी.

देवनागरीची स्वतःची काही बंधने आहेत. अंकांना शिरोरेषा नसते, शब्दांना असते. म्हणून ‘६२ टक्के’ हे दोन्ही शब्द २०० पॉइंटांत लिहिले, तर ‘टक्के’वरची जाड आडवी रेघच डोळ्यांत भरते आणि अंक तिच्याशेजारी अशक्त दिसतो. ‘टक्के’ हा शब्द किंवा त्याचे चिन्ह आकड्याच्या निम्म्याहून लहान ठेवावे. मात्रा, रफार आणि उकार वर-खाली जात असल्यामुळे मजकुराच्या दोन ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा अधिक मोकळी जागा लागते. सव्वापट ते दीडपट अंतर ठेवल्यास वरच्या ओळीतील उकार खालच्या वेलांटीला भिडत नाहीत. संपूर्ण स्लाइडवर अंक एकाच लिपीतले असावेत, वर देवनागरी आणि खाली इंग्रजी अशी सरमिसळ करू नये. हिशेबाच्या तक्त्यावरून थेट उचललेल्या संख्येत स्वल्पविराम हजार-दशलक्षांच्या इंग्रजी पद्धतीने पडतात, तेव्हा ‘९०६,८१४’चे ‘९,०६,८१४’ हाताने करावे लागते. नाहीतर वाचणारा लाख मोजत बसतो. दुसऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल, तर अक्षरांचे रूप आणि रुंदी दोन्ही बदलतात आणि ओळ मध्येच तुटते. म्हणून अंतिम प्रत पीडीएफ स्वरूपातही सोबत न्यावी.

रंगांच्या बाबतीत एक चूक जवळजवळ सर्वत्र दिसते. आकडा ठळक रंगात आणि खालचा संदर्भ फिकट करड्या रंगात. संगणकावर हे देखणे दिसते. पंचायतीच्या सभागृहात दुपारच्या उजेडात, खिडक्या उघड्या असताना, तो करडा रंग पडद्यावरून पुसला जातो. उरतो एकटा आकडा. संदर्भाची ओळ लिहिली होती, हे खरे. परंतु ती कुणाला दिसलीच नाही, तर ती लिहिली नसल्यासारखेच झाले. पांढऱ्या पार्श्वभूमीवर संदर्भही जवळजवळ काळा असावा. त्याचे दुय्यमपण आकाराने दाखवावे, फिकेपणाने नव्हे.

तिसरा आकडा

दुसरी स्लाइड निर्दोष झाली. तरीही पंच ती घरच्यांना दाखवतो, तेव्हा एक वेगळीच अडचण समोर येते. पाच सेकंद स्लाइड दाखवून ती झाकायची आणि ‘काय कळले?’ असे विचारायचे, ही या कामातील सर्वांत उपयोगी चाचणी. घरच्यांचे उत्तर येते : ‘गोवा शहरी झाला.’ उत्तर बरोबर आहे; पण पंचाला ते सांगायचे नव्हते. त्याला सांगायचे होते, की आपल्यासारख्या ठिकाणांवर शहराचा भार आहे आणि हाती साधने मात्र पंचायतीची आहेत. ते वाक्य स्लाइडवर होते, पण तिसऱ्या ओळीत.

मग तोच तिसऱ्या ओळीतला आकडा वर येतो :

५६
गोव्यातील ७० शहरांपैकी इतक्या ठिकाणी नगरपालिका नाही
२००१मध्ये अशी ठिकाणे ३० होती
लोकसंख्या, दाटी आणि रोजगार यांवरून जनगणनेने ठरवलेली शहरे
स्रोत : भारताची जनगणना, २००१ व २०११

आता पाच सेकंदांनी येणारे उत्तर बदलते. कळंगुट, कांदोळी, ताळगाव यांसारखी नावे पंच तोंडी घेतो आणि श्रोत्यांना आकडा ओळखीचा वाटू लागतो. ही ठिकाणे जनगणनेच्या लेखी शहरे आहेत. पण तेथील कारभार पंचायत पाहते. ६२ हा आकडा मोठा होता, परंतु तो दुसऱ्याच वाक्याचा होता. ५६ दिसायला लहान असला, तरी या सभेच्या प्रश्नाचा आहे. आकडा किती दिपवणारा आहे यापेक्षा, तो ऐकून श्रोत्याच्या मनात कोणते वाक्य तयार होते, यावर निवड करावी.

या स्लाइडलाही मर्यादा आहेत आणि त्या पंचाला ठाऊक असायला हव्यात. ५६ जनगणना नगरे म्हणजे ५६ पंचायती नव्हेत; नगराची हद्द आणि पंचायतीची हद्द एकच असेल, असे नाही. आकडा २०११चा आहे. आज तो अधिक असू शकतो, पण किती, हे पुढील जनगणनाच सांगेल. आणि कचरा किती वाढला, हे या आकड्यात मुळीच नाही. ते सांगायचे, तर पंचायतीच्या स्वतःच्या नोंदी हव्यात : रोज किती गाड्या भरतात, किती घरांपर्यंत त्या पोहोचतात. ५६ हा आकडा त्या नोंदींसाठी दार उघडतो. त्यांची जागा घेत नाही.

काही विषयांना तर एकच मोठा आकडा चालतच नाही. वर्षावर्षांतील चढउतार दाखवायचा असेल, तर रेषालेख हवा, कारण एका आकड्यात वळण दिसत नाही. प्रभागाप्रभागांत मोठी तफावत असेल, तर सरासरीचा मोठा आकडा नेमकी तीच तफावत झाकतो. तेथे साधे स्तंभ अधिक खरे बोलतात. आणि एकामागून एक अशा दहा स्लाइडवर दहा मोठे आकडे टाकले, तर त्यांतला एकही मनात राहत नाही. दहा मिनिटांच्या भाषणात असा एक, फार तर दोन आकडे असावेत.

सभेपूर्वी पंचाने आणखी एक तपासणी करावी. स्लाइडवरचा मोठा आकडा बोटाने झाकून फक्त खालच्या ओळी वाचाव्यात. त्या वाचून एखाद्या चौकस ग्रामस्थाला ‘हा आकडा आला कुठून, मोजले काय आणि कधी?’ या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळत असतील, तर आकडा उघडा करायला हरकत नाही. सभेत असा प्रश्न विचारणारा एकजण हमखास असतो आणि त्याचे समाधान झाले, तर बाकीच्यांचा त्या आकड्यावरचा विश्वासही टिकतो.